फोन जागा, ॲप झोपलेलं

संध्याकाळी साडेसातला एखादं चॅट ॲप उघडावं आणि एकामागून एक नऊ मेसेज धडाधड येऊन पडावेत. त्यांवरच्या वेळा मात्र दुपारी दोन, अडीच, सव्वाचार अशा. फोन दिवसभर जवळच होता, वाय-फाय चालू होतं, मधल्या वेळात दोन कॉल झाले, दुसऱ्या ॲपचे आवाजही येत होते. पहिला संशय नेटवर्कवर जातो. दुसरा पाठवणाऱ्यावर: ‘आत्ता पाठवलं असेल आणि सांगतोय दुपारचं!’ बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. मेसेज वेळेवर निघाले होते आणि ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत वेळेवर पोचलेही होते. पुढे ते घ्यायला फोनमधलं ॲप जागं नव्हतं, कारण बॅटरी वाचावी म्हणून फोननेच त्याला झोपवलं होतं.

हा बिघाड नाही, ठरवून केलेली व्यवस्था आहे. म्हणूनच फोन रीस्टार्ट करून, सिम काढून-घालून किंवा ॲप पुन्हा इन्स्टॉल करून पाहणाऱ्यांना त्याचं मूळ सापडत नाही. रीस्टार्टनंतर दोन-चार दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

चॅटचा मेसेज अँड्रॉइड फोनपर्यंत येतो कसा, हे आधी पाहायला हवं. अनेकांची कल्पना असते की व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम ही ॲप चोवीस तास आपापल्या सर्व्हरशी जोडलेली असतात. तसं असतं तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकली नसती. मोबाइलचा रेडिओ एकदा जागा झाला, की चिमूटभर माहिती आणून लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून थोडा वेळ तसाच चालू राहतो आणि खरी बॅटरी त्या वेळात जाते. वीस ॲप आपापल्या सोयीने दर काही मिनिटांनी रेडिओला उठवायला लागली, तर फोन खिशात पडल्या पडल्याच रिकामा होईल.

म्हणून अँड्रॉइडमध्ये सगळ्या ॲपसाठी मिळून एकच जोडणी ठेवलेली असते. सोसायटीत प्रत्येक फ्लॅट आपला वेगळा वॉचमन ठेवत नाही, गेटवर एकच असतो आणि तो इंटरकॉमवरून ज्याचा पाहुणा त्याला कळवतो, तसं हे काम आहे. ते सांभाळतं ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’. ती गूगलच्या सर्व्हरशी एक जोडणी सतत जिवंत ठेवते. या सेवेचं आजचं नाव फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे एफसीएम. साताऱ्यातल्या फोनसाठी म्युनिकहून मेसेज निघाला, की तो आधी त्या चॅट ॲपच्या सर्व्हरवर येतो. तो सर्व्हर गूगलला कळवतो, ‘या फोनवरच्या आमच्या ॲपला उठवा.’ गूगल त्याच एका जोडणीवरून फोनला खूण पाठवतं, फोन ॲपला काही सेकंदांसाठी जागं करतो, ॲप आपल्या सर्व्हरकडून मेसेज आणतं, त्याचं कुलूप उघडतं आणि मग आवाज वाजतो. सिग्नलसारख्या ॲपमध्ये गूगलच्या हाती मेसेजचा मजकूर पडत नाही, फक्त उठवण्याची खूण जाते. मजकूर आणायला ॲपला स्वतःलाच उठावं लागतं.

सगळी मेख या उठण्यात आहे. खूण फोनपर्यंत आली आणि फोनने ॲपला उठवायचं नाकारलं, तर मेसेज सर्व्हरवर पडून राहतो. तो हरवत नाही. व्हॉट्सॲप न पोचलेला मेसेज 30 दिवसांपर्यंत सर्व्हरवर ठेवतं. वापरणाऱ्याने हाताने ॲप उघडलं, की ते गूगलच्या खुणेची वाट न पाहता थेट आपल्या सर्व्हरला जाऊन भिडतं आणि साठलेलं सगळं एकदम ओढून आणतं. नऊ मेसेज एकत्र कोसळतात ते असे.

फोनला असं नाकारायला गूगलने शिकवलं ते दोन टप्प्यांत. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 बरोबर ‘डोझ’ आला, म्हणजे डुलकी. फोन चार्जरला लावलेला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो बराच वेळ हललेला नाही, असं दिसलं की अँड्रॉइड ॲपचं इंटरनेट तोडतं, त्यांची ठरलेली कामं पुढे ढकलतं आणि मधूनमधून एक छोटी खिडकी उघडून सगळ्यांना एकदम कामं उरकू देतं. फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये याची हलकी आवृत्ती आली. ती फोन खिशात हलत असतानाही, नुसती स्क्रीन बंद झाली तरी लागू होते.

डोझने चॅट ॲपची अडचण व्हायला नको होती, आणि सहसा होतही नाही. गूगलच्या खुणेला दोन दर्जे असतात, साधी आणि तातडीची. साधी खूण पुढची खिडकी उघडेपर्यंत थांबते, तातडीची डुलकी मोडून आत येते. कुठला दर्जा लावायचा हे ॲप बनवणारे ठरवतात. चांगली चॅट ॲप संभाषणाच्या मेसेजला तातडीचा दर्जा देतात, तर सवलतींच्या जाहिराती करणाऱ्या ॲपने साध्यावर भागवावं अशी अपेक्षा असते. कुणी तातडीच्या खुणा उधळून ॲपला पुन्हा पुन्हा उठवलं आणि प्रत्यक्षात स्क्रीनवर काहीच दाखवलं नाही, तर गूगल त्याच्या खुणांचा दर्जा उतरवू शकतं.

दुसरा टप्पा 2018 चा, अँड्रॉइड 9 चा, आणि उशिरा येणाऱ्या मेसेजची खरी गोष्ट इथून सुरू होते. डोझ सगळ्या फोनकडे एकत्र पाहतो. नव्या व्यवस्थेत प्रत्येक ॲपकडे वेगळं पाहिलं जाऊ लागलं. माणूस कुठलं ॲप किती वेळा उघडतो, यावर नजर ठेवून फोन त्यांना गटांत टाकतो. आत्ता चालू असलेलं ॲप एका गटात, नेमाने वापरलं जाणारं दुसऱ्यात, अधूनमधून वापरलं जाणारं तिसऱ्यात आणि क्वचित उघडलं जाणारं चौथ्यात. 2021 च्या अँड्रॉइड 12 ने आणखी एक, सगळ्यात कडक बंधनांचा गट वाढवला. त्यातल्या ॲपला मागच्या बाजूने काम करायला दिवसातून जेमतेम एकदा सवड मिळते. अँड्रॉइड 9 ते 12 या आवृत्त्यांत क्वचित वापराच्या गटातल्या ॲपसाठी तातडीच्या खुणांनाही रेशन होतं, दिवसाला पाच. त्यापुढच्या खुणा साध्या धरल्या जात. घरातल्या लग्नाच्या ग्रुपवर संध्याकाळी चाळीस मेसेज झाले, तर पहिले पाच आवाज करत येत आणि उरलेले रेंगाळत. अँड्रॉइड 13 मध्ये हे रेशन उठलं. पण जुन्या आवृत्तीवरचे फोन अजून घरोघरी आहेत, विशेषतः मुलाने नवा घेतल्यावर आई-वडिलांकडे आलेले.

या सगळ्यात एक गृहीत धरलेलं आहे, ते म्हणजे जे ॲप माणूस वारंवार उघडतो तेच त्याच्या गरजेचं. व्हिडिओ, खेळ, खरेदी, बातम्या यांना ते लागू पडतं. चॅट ॲपचं तसं नसतं. एखादं चॅट ॲप माणूस फोनमध्ये ठेवतो ते त्यात जाऊन बसण्यासाठी नव्हे, तर त्याने हाक मारली की ओ देता यावी म्हणून. ते महिनाभर उघडलं नाही, याचा अर्थ महिनाभर कुणाची हाक आली नाही इतकाच. फोन मात्र त्याचा अर्थ ‘याला हे नको आहे’ असा लावतो. एकदा ॲप झोपलं की मेसेज उशिरा येतात; आवाज येत नाही म्हणून माणूस ते उघडत नाही; आणि उघडत नाही म्हणून फोनला आपला अंदाज बरोबरच होता असं वाटतं. रोज पन्नास वेळा उघडल्या जाणाऱ्या व्हॉट्सॲपची तक्रार त्या मानाने कमी येते. मार खातं ते दुसरं ॲप, जे एका मुलासाठी, एका ऑफिसच्या ग्रुपसाठी किंवा मुलांच्या शाळेच्या सूचनांसाठी म्हणून घेतलेलं असतं.

हे सगळं गूगलने ठरवलेले नियम. फोन बनवणाऱ्या कंपन्या त्यांवर आपली बंधनं आणखी चढवतात. बॅटरी किती टिकते यावर फोन विकला जातो, मेसेज किती मिनिटांत आला हे दुकानात कुणी विचारत नाही. त्यात चिनी कंपन्यांची एक वेगळी पार्श्वभूमी आहे. चीनमध्ये गूगलच्या सेवा चालत नाहीत, त्यामुळे तिथे ती सामाईक जोडणी नाही. ॲप आपापल्या जोडण्या उघड्या ठेवतात, एकमेकांना उठवतात, आणि त्यांना आवरायचं तर फोनला सरळ बंदच करावं लागतं. तिथे रुजलेली ही कडक शिस्त भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्येही दिसते. शाओमीच्या फोनवर Autostart नावाची परवानगी असते, ओप्पो आणि रिअलमीवर Auto launch, विवोवर मागच्या बाजूने जास्त बॅटरी वापरू देण्याची वेगळी यादी. सॅमसंगच्या यादीचं नाव तर उघडच Sleeping apps आहे.

सॅमसंगची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे झोपेच्या दोन पायऱ्या स्पष्ट लिहिलेल्या सापडतात. Settings मध्ये Battery, त्यात Background usage limits. तिथे वरच Put unused apps to sleep असं बटण असतं. ते चालू असलं, की न वापरलेली ॲप आपोआप झोपायला जातात. Sleeping apps यादीतलं ॲप मधूनमधून डोळे उघडतं, त्याच्या सूचना उशिरा का होईना येऊ शकतात. Deep sleeping apps यादीतलं ॲप मागच्या बाजूने कधीच चालत नाही, ते फक्त उघडल्यावर चालतं. कंपनीने यात काही लपवलेलं नाही, त्या पानावर ते लिहिलेलंच असतं. ते पान उघडून कोण वाचतं, हा वेगळा मुद्दा.

आता एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, सॅमसंगचा तीन वर्षांपूर्वीचा फोन, मुलगा म्युनिकला. मुलाच्या आग्रहाने दोघांचं बोलणं सिग्नलवर चालतं, बाकी सगळं जग व्हॉट्सॲपवर. दिवाळीत मुलगा तीन आठवडे घरी आला होता. समोर बसलेल्या मुलाशी सिग्नलवर कोण बोलणार? ॲप एकदाही उघडलं गेलं नाही. तो परत गेला आणि नोव्हेंबरअखेरीस एके दिवशी त्याने तिकडच्या 12:10 ला, म्हणजे इथल्या 4:40 ला, मेसेज टाकला, ‘डॉक्टरांच्या रिपोर्टचा फोटो पाठव, सहाला फोन करतो.’ बाईंनी तो वाचला रात्री सव्वानऊला, सहज ॲप उघडल्यावर.

‘‘आई, दुपारी मेसेज टाकला होता गं. एकच टिक दिसत होती केव्हाची.’’

‘‘अरे, फोन इथं टेबलावरच तर होता. शेजारच्या काकूंचे मेसेज आले की सगळे. तुझाच तेवढा नाही आला.’’

या दोन वाक्यांत जवळजवळ सगळं निदान आहे. एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, फोनपर्यंत नाही. त्यामुळे ‘आला होता पण आवाज बंद होता’ ही शक्यता बाद. आवाज बंद असता, किंवा Do not disturb चालू असतं, तर मुलाला दोन टिक दिसल्या असत्या, कारण मेसेज फोनमध्ये उतरलेला असता. काकूंचे मेसेज येत होते, म्हणजे फोनचं इंटरनेट आणि गूगलची सामाईक जोडणी दोन्ही ठीक होती. अडकलं होतं एकच ॲप.

पुरावाही फोनमध्येच मिळतो. सिग्नलमध्ये आलेल्या मेसेजवर बोट दाबून धरून त्याची माहिती उघडली, की Sent आणि Received अशा दोन वेळा दिसतात. बाईंच्या फोनवर पहिली होती 4:40 आणि दुसरी 9:15. व्हॉट्सॲपवर हीच माहिती पाठवणाऱ्याकडे असते. त्याने आपला मेसेज दाबून धरून Message info पाहिलं, की Delivered आणि Read च्या वेळा समोर येतात. मेसेज दुपारचा आणि Delivered व Read दोन्ही संध्याकाळच्या एकाच मिनिटाला, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर दुसरं काही शोधायला नको: वाचण्यासाठी ॲप उघडलं तेव्हाच मेसेज पोचला. Delivered दुपारी आणि Read संध्याकाळी असेल, तर मात्र मेसेज वेळेवर आला होता, फक्त पाहिला गेला नव्हता. अशा वेळी बॅटरीच्या मागे न लागता आवाज, परवानग्या आणि त्या चॅटचं म्यूट तपासावं. अँड्रॉइड 13 पासून सूचना दाखवायचीसुद्धा ॲपला परवानगी मागावी लागते आणि घाईघाईत ‘नको’वर बोट पडलेलं असू शकतं.

पुढचा प्रश्न असा की ॲप नुसतं डुलकीत होतं की गाढ झोपेत. त्यासाठी तासाभराची एक साधी चाचणी पुरते, मात्र ती करताना धीर धरावा लागतो. फोन चार्जरवरून काढायचा, स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. तासाभराने मुलाने मेसेज टाकायचा आणि आपल्याकडे एक टिक आहे की दोन ते पाहायचं. एकच राहिली, तर बाईंनी पाचेक मिनिटांनी फक्त स्क्रीन उघडायची, ॲप नाही. स्क्रीन उघडताच मेसेज आला, तर अडथळा डुलकीचा किंवा जोडणीचा होता, कारण स्क्रीन लागली की डोझ संपतो. तरीही नाही आला, तर चार्जर लावून बघायचं. आणि या दोन्हीने काही न होता ॲप उघडल्यावरच आला, तर ॲप पुरतं बंद केलेलं होतं. बाईंच्या फोनवर हा शेवटचा प्रकार निघाला.

Background usage limits उघडल्यावर Deep sleeping apps च्या यादीत सिग्नल दिसलं. सोबत कोण होतं? लग्नपत्रिका बनवायचं एक ॲप, कधीकाळी एकदा बस बुक केलेलं एक ॲप आणि नातवाने उतरवलेले दोन खेळ. फोनच्या लेखी या सगळ्यांची किंमत सारखीच. सिग्नलला त्या यादीतून काढलं आणि Never auto sleeping apps मध्ये घातलं. काही फोनवर हीच यादी Never sleeping apps नावाने दिसते. मग Apps मध्ये सिग्नल निवडून, त्यातल्या Battery मध्ये Optimized च्या जागी Unrestricted केलं. Put unused apps to sleep हे बटण मात्र चालूच ठेवलं. पत्रिकेचं ॲप खुशाल झोपू दे. मग तीच टेबलावरची चाचणी पुन्हा केली. तासभर पडलेल्या फोनवर मेसेज आला, आवाजासकट.

सॅमसंगव्यतिरिक्त बाकी फोनवरही याच दोन गोष्टी शोधायच्या असतात, एक अँड्रॉइडची स्वतःची आणि दुसरी कंपनीने वर घातलेली. Unrestricted हे गूगलचं बटण. ते केलं तरी शाओमीवर Autostart बंद असेल तर काम अर्धवटच राहतं, आणि उलटही. एक करून दुसरी राहिल्यामुळे ‘सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. फोनची मोठी सिस्टिम अपडेट झाल्यावर किंवा नवा फोन घेतल्यावर या दोन्ही जागा पुन्हा पाहाव्यात. आधीची निवड तशीच राहिली असेल याची खात्री नसते.

बॅटरी सेव्हर हा तिसरा खेळाडू. तो फोनभर लागू होतो आणि बरेच जण ठरावीक टक्क्यांवर तो आपोआप चालू होईल अशी सोय करून विसरून जातात. मेसेज नेहमी संध्याकाळीच उशिरा येत असतील, सकाळी सगळं छान असेल, तर बॅटरीचा आकडा आणि सेव्हरची वेळ जुळते का ते पाहावं. सॅमसंगच्या Power saving मध्ये तर निवडक ॲपखेरीज बाकी सगळं मर्यादित करणारा आणखी कडक पर्यायही आहे. बाहेरगावी, चार्जर नसताना तो उपयोगी पडतो. घरी आल्यावर बंद करायला विसरलं तर चॅटची दैना होते.

काही घरांत दोष फोनचा नसून सवयीचा असतो. दिवसातून दहा वेळा ‘रीसेंट’ उघडून एकेक ॲप वर सरकवून उडवायचं आणि मोबाइल हलका झाल्याचं समाधान मानायचं. साध्या अँड्रॉइडवर असं उडवल्याने मेसेज थांबत नाहीत, गूगलची खूण आली की ॲप पुन्हा उठतं. काही कंपन्यांच्या फोनवर मात्र तेवढ्यानेच ॲप सक्तीने बंद केल्यासारखं होतं. Settings मधून Force stop केलं, तर सगळ्याच अँड्रॉइड फोनवर तसं होतं. अशा ॲपला अँड्रॉइड ‘थांबवलेलं’ म्हणून नोंदवतं आणि माणूस स्वतः ते उघडेपर्यंत गूगलची तातडीची खूणही त्याच्यापर्यंत जाऊ देत नाही. हा नियम जुना आहे, 2011 च्या अँड्रॉइड 3.1 पासूनचा, आणि त्यामागे कारण चांगलं होतं: माणसाने मारलेलं ॲप त्याच्या मर्जीविरुद्ध जिवंत होऊ नये. मेमरी ‘साफ’ करून देणारी क्लीनर ॲप हेच हत्यार सरसकट चालवतात. ती फोनवरून काढून टाकणं हाच कित्येकदा पूर्ण इलाज ठरतो.

मग सगळीच ॲप Unrestricted करून टाकावीत का? तसं करू नये. चॅट ॲपला मोकळीक दिल्याने बॅटरीवर येणारा भार थोडा असतो, कारण ते सतत चालत नाही, खूण आल्यावर काही सेकंद उठतं. खरेदीची, बातम्यांची, फोटो चढवणारी ॲप मोकळी सोडली, की ती मागच्या बाजूने आपापले उद्योग सुरू करतात. ज्यांच्या हाकेला ओ द्यायची आहे अशी दोन-तीन ॲप मोकळी आणि बाकीची फोनच्या मर्जीवर, एवढं पुरतं.

सगळ्याच ॲपचे मेसेज उशिरा येत असतील, आणि तेही फक्त घरच्या वाय-फायवर, तर नजर राउटरकडे वळवावी. गूगलची जोडणी जिवंत आहे हे सांगायला फोन अधूनमधून एक ठोका पाठवतो. वाय-फायवर तो साधारण दर 15 मिनिटांनी, मोबाइल डेटावर 28 मिनिटांनी जातो. काही राउटर शांत बसलेली जोडणी त्याआधीच गुपचूप तोडतात. फोनला ते पुढच्या ठोक्यापर्यंत कळतच नाही. तोवर आलेल्या खुणा अडकून राहतात आणि ठोका चुकल्याचं लक्षात आल्यावर जोडणी नव्याने होऊन सगळं एकदम येतं. असा उशीर काही तासांचा नसून पाच-दहा मिनिटांचा असतो. मोबाइल डेटावर गेल्यावर तो नाहीसा झाला, तर संशय पक्का. अनेक अँड्रॉइड फोनवर डायल पॅडवर *#*#426#*#* टाकलं की या जोडणीचं एक तपासणी-पान उघडतं. त्यात जोडणी केव्हा झाली आणि केव्हा तुटली याची नोंद दिसते. सगळ्या फोनवर ते उघडत नाही, पण उघडलं तर वाद मिटतो.

आयफोनवर हा आजार क्वचित दिसतो. तिथे ॲपलची एकच सूचना-सेवा सगळ्यांसाठी आहे आणि ॲप न उठवताही ती स्क्रीनवर सूचना दाखवू शकते. Low Power Mode मध्ये मागच्या बाजूची कामं थांबतात, चॅटच्या सूचना सहसा येत राहतात.

सगळं ठीक करूनही कधीकधी सकाळी फोन शांतच असतो आणि पिन टाकून उघडला की रात्रीपासूनचे मेसेज येतात. यामागे बॅटरीचा संबंध नसतो. फोन रात्री स्वतःहून रीस्टार्ट झालेला असतो. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्न टाकेपर्यंत फोनमधली खासगी माहिती कुलूपबंद असते आणि चॅट ॲपना आपल्या साठ्यापर्यंत जाताच येत नाही, मग ती Unrestricted असोत वा नसोत. सॅमसंगमध्ये फोन ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट करायची सोय आहे. ती चालू असेल तर बंद करता येते. 2025 च्या एप्रिलमध्ये गूगलने प्ले सर्व्हिसेसमध्ये आणखी एक सुरक्षेची सोय आणली: सलग तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणजे चोराच्या हाती पडला तरी आतली माहिती बंद राहावी. गावच्या घरी कपाटात ठेवलेला, अडीअडचणीला असू दे म्हणून चार्जरला लावून ठेवलेला दुसरा फोन याच नियमात सापडतो. त्या नंबरच्या चॅटवर कुणाचे मेसेज यायचे असतील, तर तीन दिवसांच्या आत कुणीतरी एकदा तो हातात घेऊन उघडायला हवा.